मीटर बघायला येणार आहेत: नोटिशीतली वेळ, दार आणि नंतरचं बिल

‘आपल्या वीजमीटरचे रीडिंग मीटर बंद जागेत असल्यामुळे घेता आलेले नाही. तरी अमुक तारखेस सकाळी १० ते दुपारी १ या वेळेत प्रतिनिधी येतील. मीटरपर्यंत पोहोचता येईल अशी व्यवस्था ठेवावी.’ अशा अर्थाचा कागद दाराच्या फटीत अडकवलेला सापडतो, नाहीतर शेजारी त्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवतात. मग फोनाफोनी सुरू होते. तीन तास कोण थांबणार? घरात कुठवर येणार? नाही उघडलं तर लाइट तोडणार का? हे काही स्मार्ट मीटरचं तर नाही?

सातारा-सांगलीकडे हा कागद जरा जास्तच घरांवर चिकटतो, त्याला कारण आहे. पाटण, जावळीकडची निम्मी घरं मुंबईला असतात. विटा, खानापूर, आटपाडीचे गलाईवाले देशभरातल्या शहरांतून सोन्या-चांदीच्या पेढ्या चालवतात आणि यात्रेला, दिवाळीला गावी येतात. घर बांधलेलं, वीज घेतलेली, आणि वर्षातले दहा महिने कुलूप. मीटर वाचणाऱ्याला दरमहा तेच कुलूप दिसतं.

हा लेख महावितरणच्या घरगुती ग्राहकाला समोर ठेवून लिहिलेला आहे. सांगली जिल्हा महावितरणच्या कोल्हापूर परिमंडळात येतो आणि सातारा बारामती परिमंडळात, पण नियम दोन्हीकडे एकच.

नोटीस कशासाठी येते

दर महिन्याचं साधं रीडिंग घ्यायला कुणी लेखी नोटीस देत नाही. एजन्सीचा माणूस ठरलेल्या मार्गाने गल्ली करत येतो, मीटरचा फोटो काढतो, आकडा मोबाइलमध्ये भरतो आणि पुढच्या घराकडे जातो. मीटर बाहेरच्या भिंतीवर असेल तर तो येऊन गेल्याचं आपल्याला कळतही नाही.

मीटर कुलपाआड असेल तर तो तसा शेरा मारून जातो. बिल तरीही येतं, पण अंदाजाने, मागच्या सरासरी वापराएवढे युनिट धरून. त्यात चालू रीडिंगच्या जागी आकड्याऐवजी घर बंद किंवा मीटरपर्यंत पोहोच नाही अशा अर्थाचा इंग्रजी शेरा असतो. हे सरासरी बिल. ते अंतिम नसतं. खरं रीडिंग मिळालं की आधी भरलेले पैसे त्यातून वळते करायचे असतात.

सरासरीवर किती दिवस चालणार? राज्य वीज नियामक आयोगाच्या पुरवठा संहितेत याचा क्रम दिलेला आहे. पुन्हा प्रयत्न करूनही मीटर वाचता येत नसेल, तर कंपनीने ग्राहकाला आधी लेखी कळवायचं, रीडिंगसाठी जागा कोणत्या दिवशी उघडी ठेवायची तो दिवस लिहायचा, आणि आपला माणूस कोणत्या वेळी हजर असेल ती वेळही लिहायची. म्हणजे ही वेळ कंपनीने सौजन्य म्हणून दिलेली नसते, ती नोटिशीत असावीच लागते. नुसतं ‘लवकरच येऊ, घर उघडे ठेवा’ असं कुणी लिहून गेलं असेल, तर शाखा कार्यालयात जाऊन तारीख आणि वेळ मागून घ्यावी.

१० ते १ म्हणजे तीन तास दारात बसायचं का?

रीडिंगला दोन मिनिटं लागतात. तीन तास लिहिलेले असतात ते मार्गासाठी. रीडर एकट्या तुमच्या घरासाठी येत नाही, त्या दिवशीचा त्याचा अख्खा मार्ग असतो, आणि पाचवं घर उघडायला उशीर झाला की पुढची सगळी घरं मागे सरकतात. तपासणीला शाखा कार्यालयाचे तंत्रज्ञ येणार असतील तर आणखी एक अडचण: वाटेत कुठे तार तुटल्याचा फोन आला की ते आधी तिकडे पळतात. पावसाळ्यात तर दिलेली वेळ टळणारच असं धरून चाललेलं बरं.

म्हणून त्या कागदावर फोन नंबर आहे का ते आधी बघा. असेल तर आदल्या दिवशी फोन करून ‘आमच्या गल्लीत साधारण किती वाजता याल’ असं विचारायला काही हरकत नाही. बहुतेक वेळा ‘बाराच्या सुमारास’ एवढं तरी उत्तर मिळतं, आणि तीन तासांचा एक तास होतो. नंबर नसेल तर बिलावर उपविभाग किंवा शाखा कार्यालयाचं नाव असतं, तिथे विचारा.

ग्राहकाने जातीने हजर असायची गरज नाही. ज्याच्या नावावर मीटर आहे ते आजोबा वारून दहा वर्षं झाली असली, तरी रीडिंग त्याने अडत नाही. किल्ली असलेला कुणीही जाणता माणूस चालतो: भाऊ, भाडेकरू, शेजारच्या काकू.

किती आत येणार?

‘मीटरपर्यंत पोहोच’ याचा अर्थ मीटरच्या समोर उभं राहता यावं, पडदा दिसावा आणि त्याचा स्वच्छ फोटो निघावा. बाकी काही नाही. आतल्या खोल्या, कपाटं, देवघर, माळा यांच्याशी रीडिंगचा संबंध नसतो.

तयारी करायची ती मीटरजवळच. जुन्या घरांत सोप्यातल्या भिंतीवर मीटर, त्याखाली कणगी किंवा लोखंडी कॉट, वर जुन्या कॅलेंडरांचा गठ्ठा, असंच असतं. समोरची वस्तू बाजूला घ्या. मीटरच्या पेटीला स्वतंत्र कुलूप लावलेलं असेल तर त्याची किल्ली काढून ठेवा. पेटीच्या काचेवर रंगाचे शिंतोडे उडालेले असतील तर पुसा, कारण अस्पष्ट फोटो निघाला की रीडिंग नाकारलं जाण्याची शक्यता असते. मीटरला असलेल्या सीलला मात्र हात लावू नका. सील आधीच तुटलेलं असेल तर ते तसंच राहू द्या आणि आलेल्या माणसाला आपणहून दाखवा.

इलेक्ट्रॉनिक मीटरचा पडदा काही सेकंदांनी बदलत राहतो. तारीख, वेळ, व्होल्टेज, महिन्यातली कमाल मागणी असं एकामागून एक येतं. त्यातला ज्याच्या बाजूला `kWh` लिहिलेलं असतं तो आकडा म्हणजे युनिटचं रीडिंग. रीडर तेवढाच टिपतो. तुम्हीही त्याच क्षणी मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा, मीटर क्रमांकासकट. पुढे वाद झालाच तर हा फोटो उपयोगी पडतो.

कुणी आलं की ओळखपत्र दाखवा म्हणणं हा ग्राहकाचा हक्क आहे. आलेल्या प्रतिनिधीने आपली ओळख पटवायची, आणि कशासाठी आलोय ते आत यायच्या आधी सांगायचं, असं संहितेतच आहे. घरात बाईमाणूस एकटं असेल तर ओळखपत्राचा फोटो काढून शाखा कार्यालयात फोन करेपर्यंत त्यांना बाहेर थांबवण्यात काही वावगं नाही. खरा कर्मचारी यावर चिडत नाही. त्याला हा प्रश्न रोज पाचजण विचारतात.

सरासरीचं बिल येत राहिलं तर काय बिघडतं?

खरी गोम इथे आहे, म्हणून जरा सावकाश बघू.

मीटरचा आकडा गाडीच्या किलोमीटरच्या काट्यासारखा असतो. महिन्याला तो शून्यावर येत नाही, पुढेच जातो. मधले तीन महिने कुणी तो बघितला नाही म्हणून युनिट हरवत नाहीत. पुढच्या वेळी बघितलं की सगळे एकदम दिसतात. युनिटची बेरीज चुकत नाही. चुकतो तो दर.

घरगुती विजेचा दर टप्प्यांनी चढतो. पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० त्याहून महाग, ३०१ ते ५०० आणखी महाग, आणि त्यापुढे सगळ्यात महाग. हे टप्पे एका महिन्याचे असतात. चार महिन्यांचे युनिट एकाच महिन्यात वापरले असं धरलं, तर ते उगीच वरच्या टप्प्यात जाऊन बसतात.

विट्याकडचं एक घर समजा. पुढच्या सोप्यात मीटर आणि सोप्याला कुलूप, कारण थोरला भाऊ कुटुंबासह पेढीच्या गावी. मागच्या दोन खोल्यांत चुलती राहतात. त्यांचा फ्रिज, टीव्ही, पंखा आणि पाण्याची मोटर याच मीटरवर. मे महिन्यात शेवटचं रीडिंग झालं तेव्हा आकडा होता ४३१०. जून, जुलै, ऑगस्ट या तीन महिन्यांत रीडर आला आणि कुलूप बघून गेला. आधीची सरासरी ८० युनिटची, म्हणून तिन्ही बिलं ८० युनिटची आली. सप्टेंबरात नोटीस आली, चुलतीकडे किल्ली होती, सोपा उघडला आणि रीडिंग निघालं ४७९०.

म्हणजे चार महिन्यांत ४८० युनिट, महिन्याला १२०. हिशेब कळावा म्हणून दर गोल धरू: पहिल्या १०० युनिटला ६ रुपये, पुढच्या २०० ना १२ आणि त्यापुढच्या २०० ना १६ रुपये. खरे दर आयोगाच्या आदेशांप्रमाणे बदलत राहतात, ते बिलामागे छापलेले असतात. स्थिर आकार आणि १६ टक्के वीज शुल्क इथे बाजूला ठेवलंय.

बरोबर हिशेब असा. चार महिने आहेत, म्हणून पहिला टप्पाही चौपट, ४०० युनिटचा. ४०० युनिट ६ रुपयांनी २४०० रुपये, उरलेले ८० युनिट १२ रुपयांनी ९६० रुपये. एकूण ३३६०. तीन सरासरी बिलांत ८० युनिटचे प्रत्येकी ४८० याप्रमाणे १४४० रुपये आधीच भरलेत. ते वजा करून सप्टेंबरात मागणी यायला हवी १९२० रुपयांची.

आता हेच बिघडतं कसं? समजा मधल्या तीन महिन्यांत रीडरने ‘घर बंद’ हा शेरा मारलाच नाही, आणि मागचाच आकडा, ४३१०, चालू रीडिंग म्हणून पुन्हा भरला. बिलावर सगळं ठीकठाक दिसतं: वापर शून्य, बिल फक्त स्थिर आकाराचं. घरमालक खूश. सप्टेंबरात ४७९० रीडिंग आलं की यंत्रणेच्या लेखी एका महिन्यात ४८० युनिट जळाले. मग १०० युनिटचे ६००, पुढच्या २०० चे २४००, आणि उरलेल्या १८० चे १६ रुपयांनी २८८०. एकूण ५८८० रुपये. मीटर तोच, युनिट तेवढेच आणि २५२० रुपये जास्त.

म्हणून राहत्या घराचं बिल अचानक शून्य युनिटचं आलं तर मला त्यात आनंद वाटत नाही, धोका वाटतो. बिलावर मीटरचा फोटो छापलेला असेल तर तो बघा: खरंच आपल्याच मीटरचा आहे का, त्यातला आकडा बिलातल्या आकड्याशी जुळतो का. राहत्या घरात आकडा महिनाभर जागचा हलत नाही, हे घडणं कठीण.

आणि रीडिंग झाल्यावर आलेल्या पहिल्या बिलात दोन गोष्टी तपासा. युनिट किती महिन्यांचे धरलेत, आणि पहिल्या टप्प्यात किती युनिट बसवलेत. चार महिन्यांचा हिशेब असूनही पहिल्या टप्प्यात फक्त १०० युनिट दिसत असतील, तर टप्पे विभागलेले नाहीत. त्याच जागी बोट ठेवून बिल दुरुस्तीचा अर्ज करायचा.

आमचं घर तर रिकामंच होतं, मग सरासरी कशाला भरायची?

रास्त आक्षेप आहे. कंपनीला मात्र घर रिकामं आहे की मागच्या खोलीत चुलती राहतात हे बाहेरून कळत नाही, म्हणून ती सरासरी धरते. वापर खरोखर नसेल तर खऱ्या रीडिंगनंतर जादा भरलेली रक्कम पुढच्या बिलांत वळती होते. स्थिर आकार मात्र जोडणी चालू आहे तोवर लागतोच, एक दिवा लावला नाही तरी. वर्षातून आठ दिवस उघडणाऱ्या घरांचा बराचसा खर्च हाच असतो.

यावर सोपा उपाय, नोटिशीची वाट न बघता स्वतःच रीडिंग पाठवणं. महावितरणच्या मोबाइल ॲपवर मीटरच्या फोटोसह रीडिंग भरता येतं. रीडिंगच्या आदल्या दिवशी नोंदणीकृत मोबाइलवर मेसेज येतो आणि त्यानंतर चार दिवसांची मुदत असते. स्मार्टफोन नसेल त्यांच्यासाठी एसएमएसची सोय सुरू केलेली आहे. मेसेज असा लिहायचा, बारा आकडी ग्राहक क्रमांक आपला घालून:

```
MREAD 123456789012 4790
```

आणि तो 9930399303 या क्रमांकावर पाठवायचा. यासाठी मोबाइल नंबर त्या ग्राहक क्रमांकाशी जोडलेला हवा. गावाकडच्या बऱ्याच मीटरला अजूनही बंद पडलेला किंवा भलत्याच कुणाचा तरी नंबर जोडलेला आहे, ते आधी बघून घ्या. मागच्या खोलीतल्या चुलतीला किल्ली देऊन महिन्यातून एकदा तुम्हाला मीटरचा फोटो पाठवायला सांगितलं, तरी काम भागतं.

यात एक मर्यादा आहे. स्वतः पाठवलेलं रीडिंग हे कंपनीच्या तपासणीला पर्याय नाही. अधूनमधून तिच्या माणसाने मीटर प्रत्यक्ष बघायचाच असतो, त्यामुळे सहा महिने ॲपवर रीडिंग भरूनही नोटीस आली, तर कुणी त्रास देतंय असं समजू नका.

मीटर बाहेर घेणं हा कायमचा तोडगा. त्यासाठी शाखा कार्यालयात अर्ज करावा लागतो आणि खर्च बहुधा आपल्या माथी येतो. पण कुंपणाच्या भिंतीत पेटी बसवली की कुलपाचा प्रश्नच मिटतो. सोप्यात मीटर आणि घर बारा महिने बंद, अशांनी तर हा खर्च करावाच, असं माझं मत आहे.

नोटिशीत ‘रीडिंग’ नाही, ‘तपासणी’ लिहिलंय

मग काम जरा वेगळं. रीडिंगला नुसता पडदा पुरतो. तपासणीत मीटर बरोबर फिरतो का ते बघायचं असतं. त्यासाठी तंत्रज्ञ तपासणीचं उपकरण मीटरच्या वायरला लावतात आणि घरातला काही भार चालू करायला सांगतात. म्हणून त्या वेळी घरात वीज चालू हवी, मेन स्विचपर्यंत हात पोहोचायला हवा, आणि इस्त्री किंवा गिझरसारखं काहीतरी लावता यायला हवं. मधे दोन-चार मिनिटं वीज बंदही करतील. घरात ऑक्सिजनचं यंत्र किंवा तसलं काही चालू असेल तर ते आधीच सांगा.

अशीच एक चाचणी तुम्हाला स्वतःलाही करता येते. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि बाजूला `3200 imp/kWh` असं काहीतरी छापलेलं असतं. त्याचा अर्थ, एक युनिट जळेपर्यंत तो ३२०० वेळा लुकलुकतो. आता घरातलं सगळं बंद करा, फ्रिज आणि राउटरसुद्धा. दिवा थांबला पाहिजे. थांबत नसेल तर वीज कुठेतरी जातेय, बहुतेक वेळा वरच्या भाडेकरूकडे किंवा वायरिंगमधल्या गळतीत. दिवा थांबला की १००० वॉटची इस्त्री लावा. एक किलोवॉट तासाला एक युनिट खातं, म्हणजे तासाला ३२०० लुकलुक, मिनिटाला साधारण ५३. घड्याळ लावून मोजा.

५३ च्या ऐवजी ४५ भरले तर मीटर हळू आहे असं लगेच समजू नका. इस्त्रीवर लिहिलेले १००० वॉट पूर्ण दाबाला, म्हणजे २३० व्होल्टला, असतात. गावात संध्याकाळी दाब २१० वर आला की तीच इस्त्री सव्वाआठशे-साडेआठशे वॉटच घेते आणि मोजणी ४४ च्या आसपास येते. इस्त्री तापून आपोआप बंद झाली तरी आकडा पडतो, म्हणून तिचा दिवा पेटलेला असतानाच मोजा. पण ५३ च्या जागी ७० भरत असतील आणि बाकी सगळं खरंच बंद असेल, तर मीटर तपासणीचा अर्ज करायला तुमच्याकडे ठोस कारण आहे.

नोटीस मीटर बदलण्याची असेल, स्मार्ट मीटर धरून, तर एवढं करा: जुना मीटर भिंतीवरून उतरायच्या आधी त्याचं शेवटचं रीडिंग आणि क्रमांक एका फोटोत घ्या, नव्याचं पहिलं रीडिंग आणि क्रमांक दुसऱ्यात, आणि मीटर बदलल्याच्या कागदाची प्रत मागा. मीटर बदलल्यानंतरची बहुतेक भांडणं जुन्याच्या शेवटच्या आकड्यावरून होतात, आणि तोवर जुना मीटर गोदामात गेलेला असतो. स्मार्ट मीटर रीडिंग स्वतःच पाठवतो, त्यामुळे ‘घर बंद’ची नोटीस सहसा येत नाही. तपासणीची येऊ शकते.

नाही उघडलं तर तोडतील का?

विद्युत कायदा २००३ च्या कलम १६३ मध्ये याचं उत्तर आहे. मीटर वाचायला, तपासायला किंवा दुरुस्त करायला कंपनीचा अधिकृत माणूस वाजवी वेळी, राहणाऱ्याला कळवून, जागेत येऊ शकतो. तुम्ही येऊ दिलं नाही, तर कंपनीने पुन्हा लेखी नोटीस द्यायची, आणि ती मिळाल्यापासून २४ तास उलटल्यावर तिला पुरवठा तोडता येतो. तोही अडवणूक चालू आहे तेवढाच काळ, त्याहून जास्त नाही. दार उघडलं की या कारणासाठी वीज बंद ठेवता येत नाही.

तुमच्या स्वतःच्या वायरिंगची, म्हणजे मीटरच्या पुढच्या भागाची तपासणी करायची असेल तर अट आणखी कडक आहे. त्याला कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा खास आदेश आणि किमान २४ तासांची लेखी नोटीस लागते. कुलूप तोडण्याची मुभा साध्या रीडिंगच्या नोटिशीत कुठेच नाही.

वीजचोरीच्या संशयावरून होणारी झडती हे कलम १३५ खालचं निराळं प्रकरण. त्यात अधिकाऱ्यांना दार उघडून घेण्यापर्यंतचे अधिकार आहेत, पण राहत्या घरात सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात, घरातला प्रौढ पुरुष हजर नसताना, झडती घेता येत नाही. झडतीच्या वेळी घरचं माणूस हजर असायला हवं, आणि जप्त केलेल्या वस्तूंची यादी त्याला द्यायची असते. तुमच्या हातातला कागद कोणत्या कलमाचा आहे हे नीट वाचा. रीडिंगच्या नोटिशीला झडती समजून घाबरणारे पुष्कळ, आणि घाबरून किल्ली लपवणारेही.

‘आज रात्री लाइट कापणार’ असा मेसेज

‘मागच्या महिन्याचे रीडिंग अपडेट नाही, आज रात्री ९.३० ला वीज तोडली जाईल, या अधिकाऱ्याला फोन करा’ असले मेसेज २०२२ मध्ये राज्यभर फिरले आणि अजूनही थांबलेले नाहीत. ते खोटे असतात. महावितरणचा मेसेज कुणाच्या वैयक्तिक दहा आकडी नंबरावरून येत नाही, पाठवणाऱ्याच्या नावात `MSEDCL` असतं. रीडिंगसाठी कुणाला ओटीपी लागत नाही, फोनमध्ये कसलंही ॲप टाकून घ्यावं लागत नाही, आणि दहा रुपये ‘व्हेरिफिकेशन’ही लागत नाही. शंका आली तर 1912 वर ग्राहक क्रमांक सांगून विचारा.

दारात आलेला माणूस रोख पैसे मागत असेल तर तेही खोटं. रीडिंगचं शुल्क नसतं, आणि थकबाकी भरायला बिल आणि पावती आहे.

बिल तरीही वाढीव आलं तर

आधी शाखा किंवा उपविभाग कार्यालयात लेखी तक्रार द्या, आणि पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. तक्रारीत नुसतं ‘बिल जास्त आले’ लिहू नका. मागचं खरं रीडिंग आणि त्याची तारीख, आताचं रीडिंग आणि तारीख, मधले महिने, त्यात भरलेली सरासरी बिलं, आणि टप्पे विभागून आलेली तुमची रक्कम, असं चार-पाच ओळींत मांडा. वरच्या घराचा हिशेब तसाच्या तसा उतरवला आणि आकडे आपले घातले तरी पुरे.

वाद चालू असताना वीज तोडली जाऊ नये यासाठी कलम ५६ मध्ये सोय आहे. हरकत नोंदवून, मागितलेली रक्कम किंवा आधीच्या सहा महिन्यांच्या सरासरीप्रमाणे येणारी रक्कम, यातली जी कमी असेल ती भरायची. पावतीवर किंवा सोबतच्या अर्जावर ‘हरकत राखून’ असं लिहायला विसरू नका.

तिथे काम झालं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. सांगलीकरांचा कोल्हापूरला, सातारकरांचा बारामतीला. त्यावर मुंबईला विद्युत लोकपाल. मंचापुढे वकील लागत नाही. नोटिशीची प्रत, त्या दिवशी काढलेला मीटरचा फोटो आणि सगळी सरासरी बिलं तारखेप्रमाणे लावून न्यावी लागतात. म्हणून घरचा पत्रव्यवहार चुलतीकडे येत असेल, तर रीडिंग होईपर्यंत एकही बिल चुलीत जाऊ देऊ नका.